सुईचं टोक कॅलेंडरकडे

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मेलबर्नहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. आत्या समुद्रावर होती, डोक्यावर टोपी, हातात आइस्क्रीम. इकडे पुण्यात चौथीतली चिमी स्वेटर घालून बसलेली. कॉल संपताच तिने सातवीतल्या दादाला विचारलं, ‘‘सूर्य एकच ना? मग तिकडे उन्हाळा आणि इकडे थंडी कशी?’’

‘‘थंडीत पृथ्वी सूर्यापासून लांब जाते,’’ दादाने ठोकून दिलं.

‘‘मग आत्या काय दुसऱ्या पृथ्वीवर राहते?’’

प्रश्न बिनतोड होता. दादाचं उत्तर मात्र पुष्कळ मोठी माणसंही देतात, कारण पुस्तकांतल्या चित्रांत पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी दिसते. खरी कक्षा जवळजवळ गोल आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्या ऐन थंडीत. तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असतं आणि जुलैच्या सुरुवातीला ते १५.२ कोटी होतं. अंतरावर ऋतू ठरत असते, तर जानेवारीत साऱ्या जगाला घाम फुटला असता.

दादाने वही उघडून तपासलं, तर धड्यात अंतराचं नावच नव्हतं. होता तो आसाचा कल. मग त्याने आईची विणकामाची सुई रबरी चेंडूतून आरपार घातली. वर आलेलं टोक उत्तर ध्रुव. कोनमापक लावून सुई उभ्या रेषेपासून साडेतेवीस अंश कलती केली. दिवा बंद केला आणि चिमीला टॉर्च देऊन खोलीच्या मधोमध उभं केलं. ती सूर्य. तिने जागच्या जागी फिरत टॉर्च चेंडूवर धरून ठेवायचा आणि दादाने चेंडू घेऊन तिच्याभोवती चालायचं.

एक फेरी झाली, आणि चिमी म्हणाली, ‘‘वरच्या बाजूला सारखाच उजेड आहे. मग आपल्याकडे कायमच उन्हाळा?’’

हा प्रयोग बहुतेकदा इथेच फसतो. चालता चालता माणूस वळतो, त्याच्याबरोबर हात वळतो आणि सुईचं टोक प्रत्येक ठिकाणी टॉर्चकडेच झुकलेलं राहतं. खऱ्या पृथ्वीचा आस असा वळत नाही. वर्षभर तो आकाशातल्या एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडे, रोखलेला असतो. दादाने भिंतीवरचं कॅलेंडर खूण म्हणून ठरवलं. कुठेही गेलो तरी टोक त्या भिंतीकडेच झुकलेलं ठेवायचं.

आता तो चिमी आणि कॅलेंडर यांच्यामध्ये आला तेव्हा टोक टॉर्चपासून दूर झुकलं. उजेड चेंडूच्या खालच्या अर्ध्या भागावर जास्त सरळ पडला आणि वरच्या टोकाभोवती तर अंधारच राहिला. हा डिसेंबर. समोरच्या बाजूला गेल्यावर सगळं उलटं झालं. हा जून. डिसेंबरात खालच्या अर्ध्या भागावर होती ती आत्या.

‘‘पण उजेड तर दोन्हीकडे पडतो,’’ चिमीची शंका शिल्लक होतीच.

दादाने चौकटीची वही टेबलावर ठेवली. टॉर्च सरळ वरून धरला तर लहान, लख्ख गोल पडला. तितक्याच अंतरावरून बराच तिरका धरला, तर डाग लांबट झाला, जवळजवळ दुप्पट चौकटींवर पसरला आणि फिकटला. टॉर्च तोच, प्रकाश तेवढाच, फक्त वाटेकरी वाढले. २१ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, मेलबर्नला साधारण ७६ अंशांवर. शिवाय त्या दिवशी पुण्यात दिवस जेमतेम ११ तासांचा, तर मेलबर्नला साडेचौदा तासांहून मोठा. ऊन सरळ आणि तेही जास्त वेळ, म्हणून तिकडे उन्हाळा.

‘‘आणि पावसाळा कुठाय?’’ चिमीने विचारलं.

तो या चेंडूवर दिसत नाही. त्यासाठी समुद्र आणि जमीन लागते. उन्हं सरळ होऊ लागली की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरच्या हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे आत येतात. म्हणूनच पुण्याचा कडक उन्हाळा जूनपर्यंत थांबत नाही, एप्रिल-मेमध्येच उरकतो. गंमत अशी, की पुण्यात दुपारचा सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिल्यांदा मेच्या मध्यावर, तेव्हा लोक अंगणात काठ्या रोवून ती बघतात. दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. सूर्य तितकाच डोक्यावर असतो, पण मध्ये ढग असतात आणि लोक छत्र्या घेऊन हिंडत असतात.