डोक्याचा मुका मार : शुद्धीचे गुण आणि धोक्याच्या खुणा

कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर कळंब्याच्या आसपास दुचाकी घसरून कोणी पडला की रुग्णाला घेऊन येणाऱ्यांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : "रक्त काही आलेलं नाही, मुका मार आहे." हातापायाच्या बाबतीत या वाक्यात थोडाफार दिलासा असतो. डोक्याच्या बाबतीत तो नाही. कवटीच्या आत रक्त साचू लागले तर ते बाहेर दिसत नाही आणि रुग्ण त्या वेळी चांगला बोलतही असू शकतो.

मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथील सामन्यात भारतीय संघाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. चेंडू लागल्यावर ते शुद्धीवर होते. प्रकृती ढासळली ती त्यानंतर. तातडीने शस्त्रक्रिया करून मेंदूवरील दाब कमी करण्यात आला. त्यांना रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यासह आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर हे होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, परंतु पुन्हा कसोटी सामना खेळू शकले नाहीत. लागल्यानंतरचा हा 'बरा' वाटणारा काळ हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कानशिलाचे हाड पातळ असते व त्याच्या आतील बाजूस एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. मग हाड आणि मेंदूचे जाड बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. कवटी ताणली जात नाही. त्यामुळे आरंभी मेंदूभोवतीचे पाणी व शिरांमधील रक्त थोडे बाजूला सरकून जागा करून देतात. या अवधीत रुग्ण बोलतो, पाणी मागतो, घरी जाण्याचा आग्रह धरतो. जागा संपली की मात्र दाब झपाट्याने चढतो. असा मधला शुद्धीचा काळ प्रत्येक रुग्णात दिसतोच असे नाही, आणि दिसला तर फसवतो.

तो ओळखण्याचे साधन साधे आहे. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट या मेंदू-शल्यचिकित्सकांनी १९७४ साली शुद्धी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात तीनच गोष्टी पाहावयाच्या असतात. डोळे उघडण्यास ४ पर्यंत, बोलण्यास ५ पर्यंत व हालचालीस ६ पर्यंत गुण असतात. पूर्ण शुद्धीत असलेल्यास १५ आणि कशालाच प्रतिसाद न देणाऱ्यास ३ गुण मिळतात. येथे शून्य नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सायंकाळी सात वाजता एक तरुण हेल्मेटविना पडला आणि दोन मिनिटे बेशुद्ध होता. साडेसातला तो स्वतःहून डोळे उघडून पाहतो (४), बोलतो, पण महिना चुकीचा सांगतो (४), सांगितल्यावर जीभ बाहेर काढतो (६). एकूण १४. आठ वाजता त्याचे बोलणेही नीट होते, १५. डाव्या कानशिलावर सूज आहे, इतकेच. नातेवाईक रिक्षा बोलावू लागतात. नऊला डोके ठणकते आणि दोन उलट्या होतात. गुण अजूनही १५ च आहेत, तरीही एकाहून अधिक वेळा उलटी होणे एवढे कारण तासाभरात सी. टी. स्कॅन करण्यास पुरेसे आहे.

समजा, तो झाला नाही. साडेनऊला रुग्ण 'झोपला' आहे. हाक मारल्यावर डोळे उघडतो (३), असंबद्ध उत्तर देतो (४), सांगितलेले करतो (६) : १३. दहा वाजता खांद्याचा स्नायू चिमटीत दाबल्यावरच डोळे उघडतात (२), तोंडातून केवळ कण्हणे येते (२), आणि डावा हात दाबणाऱ्याच्या हातापर्यंत येऊन तो दूर सारू पाहतो (५). एकूण ९. उजवा हात नुसताच आखडतो. डावी बाहुली मोठी झाली असून विजेरीच्या उजेडाने आकसत नाही. नाडी ८८ वरून ५६ वर उतरली आहे आणि रक्तदाब चढला आहे. डाव्या बाजूच्या गाठीने मेंदू खाली ढकलला जात आहे, हे या खुणांचे मिळून म्हणणे आहे. आता काही मिनिटांचाही प्रश्न आहे.

या तक्त्यात ९ या आकड्यापेक्षा १५ वरून ९ वर झालेली घसरण महत्त्वाची आहे. म्हणूनच गुण १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने, १५ झाल्यावर पुढील दोन तास दर अर्ध्या तासाने, त्यानंतर चार तास दर तासाला व नंतर दर दोन तासांनी नोंद ठेवण्याची रीत आहे. रात्री परिचारिका रुग्णाला पुनःपुन्हा उठवतात यावर नातेवाईक रागावतात. पण झोप आणि गुंगी यांतील फरक उठवल्यावाचून कळत नाही.

शस्त्रक्रियेच्या परीक्षेत उत्तर लिहिणारे विद्यार्थी येथेच गुण घालवतात. 'स्कोअर ९' एवढेच लिहिणे अपुरे आहे, कारण डोळे २, बोलणे २, हालचाल ५ यांची बेरीज ९ होते, तशीच ४, १ व ४ यांचीही होते. हे दोन निराळे रुग्ण आहेत. तिन्ही आकडे व वेळ लिहावी. दोन हातांचा प्रतिसाद भिन्न असेल तर चांगल्या हाताचे गुण धरावेत आणि दुबळ्या बाजूची नोंद वेगळी करावी. डोळे सुजून मिटले असतील किंवा श्वासनलिकेत नळी असेल तर त्या भागास १ न देता 'तपासता आले नाही' असे लिहावे. 'हात दाबा' ही आज्ञा एकटी पुरेशी नाही. तळहाताला स्पर्श होताच मूठ आपोआप मिटू शकते.

उत्तराचा आरंभ मात्र गुणांनी करू नये. मान स्थिर ठेवून श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण व रक्तातील साखर हे आधी येते. गुण ८ वा त्याहून कमी असल्यास रुग्ण स्वतःचा श्वासमार्ग राखू शकत नाही असे समजून नळीची तयारी ठेवावी. प्रौढ रुग्णाचा रक्तदाब उतरलेला असेल, तर दोष डोक्याला देण्याआधी छाती, पोट व कटिभाग तपासावेत. आणि तोंडाला दारूचा वास येतो म्हणून गुंगी दारूची, हे निदान नव्हे. प्यालेला माणूसही पडतो व त्याच्याही कवटीत रक्त साचते.

रुग्णास घरी सोडल्यावर पहिला दिवसभर जबाबदार व्यक्तीने सोबत राहावे. वाढती डोकेदुखी, पुन्हा उलटी, उठवूनही न जाणारी गुंगी, बरळणे, झटका, हातापायाची दुर्बलता, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, कानामागे काळेनिळेपणा, यांपैकी एकही दिसले तर सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. झटका आल्यास रुग्णाला सावकाश कुशीवर वळवावे, वळवताना डोके व मान अंगाच्या रेषेत धरावी. कांदा हुंगवण्यात वेळ जातो, उपयोग काही नाही.

वृद्धांची, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांची, गोष्ट थोडी वेगळी आहे. न्हाणीघरात पाय घसरल्याचे घरच्यांना आठवतही नाही. दोन-तीन आठवड्यांनी आजोबांचा तोल जाऊ लागतो, ते विसरू लागतात, दिवसा झोपतात. हे वयाचे म्हणून सोडून दिले जाते. मेंदूवर हळूहळू साचलेले असे जुने रक्त कवटीला लहान छिद्रे पाडून काढता येते, आणि पुष्कळदा आजोबा पुन्हा पूर्वीसारखे बोलू लागतात.