डोळ्यातला ठिपका, नाकाची सावली

लग्नातल्या ग्रुप फोटोत सगळे छान आले आहेत, फक्त मावशींचे डोळे मिटलेले. आता त्यांचा दुसऱ्या फोटोतला चेहरा इथे बसवायचा. बहुतेक जण आधी हसू चांगलं असलेला फोटो शोधतात. खरं तर आधी मूळ फोटोत उजेड कुठून येतो आहे, ते बघायला हवं. हसू कितीही गोड असलं तरी उजेड चुकला की चेहरा चिकटवलेला दिसतो.

मावशींचे डोळे मिटलेले असल्यामुळे शेजारच्यांचे डोळे मोठे करून बघायचे. बुबुळावर उजेडाचा पांढरा ठिपका दिसतो, त्याला फोटोग्राफर कॅचलाइट म्हणतात. समजा, तो घड्याळातल्या दहाच्या जागी आणि चौकोनी आहे. म्हणजे फोटोच्या डाव्या बाजूला, डोक्यापेक्षा उंच खिडकी असणार. डोळ्याचा पुढचा भाग बहिर्वक्र आरशासारखा असल्यामुळे ठिपका थोडा सरकला तरी उजेडाची दिशा बरीच बदललेली असते. माणूस कॅमेऱ्याकडे बघत असेल आणि ठिपका बुबुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या अर्ध्या वाटेवर असेल, तर उजेड कॅमेऱ्याच्या रेषेपासून साधारण ४० ते ४५ अंशांवर असतो. नजर दुसरीकडे असेल तर हा हिशेब बिघडतो, म्हणून दोन-तीन जणांचे डोळे तपासावेत.

ठिपके दोन असले तर मुख्य उजेड कोणता, हे सावली ठरवते. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा बारीक ठिपका फार चमकतो, पण त्याची सावली नाकाआड लपते. मावशींच्या नाकाची सावली उजवीकडे ओठाच्या कोपऱ्याकडे उतरत असेल, तर खिडकीच मुख्य. ती सावली सरळ खाली ओठावर पडली असती, तर उजेड समोरून आणि उंचावरून आला असता. सावलीची कडही बघावी: मऊ असेल तर उजेडाचा स्रोत मोठा किंवा जवळचा, धारदार असेल तर लहान किंवा लांबचा.

आता मावशींचे तीन फोटो हाताशी आहेत असं धरू. पहिला भर दुपारी अंगणातला. डोळ्यांच्या खोबणी काळवंडलेल्या, सावली धारदार. तो बाद. दुसऱ्यात हसू सुरेख, पण उजेड उजवीकडून. इथे फोटो उलटवण्याचा मोह होतो. पण उलटवला की डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते, भांग आणि तीळही बाजू बदलतात, आणि घरच्यांच्या ते लगेच लक्षात येतं. तिसऱ्यात हसू बेताचं, पण ठिपका दहाच्या जागी आणि सावली मऊ. तोच घ्यावा. रंग आणि उजळपणा नंतर जुळवता येतात. नाकाची सावली एका गालावरून दुसऱ्या गालावर नेणं फार अवघड.

म्हणून ग्रुप फोटो काढणाऱ्यांना एक विनंती: कुणालाही जागेवरून हलू न देता, त्याच उजेडात चार-पाच फोटो लागोपाठ घ्या. बदलीचा चेहरा बहुधा त्यातच सापडतो.