अकराला एक मीटिंग संपते, अकरालाच दुसरी सुरू होते

ऑफिसातली मीटिंग रूम सकाळी १० ते ११ एका टीमने घेतली आहे. दुसऱ्या टीमला ती ११ ते १२ हवी आहे. माणसाला यात काहीच अडचण दिसत नाही, पण कॅलेंडरचा प्रोग्राम घाईत लिहिलेला असेल तर तो ‘वेळ आधीच घेतलेली आहे’ असं सांगून मोकळा होतो.

उलट चूकही होते, आणि ती जास्त महागात पडते. नव्या मीटिंगची सुरुवात किंवा शेवट जुन्या मीटिंगच्या वेळेत येतो का, एवढंच बरेच नवखे प्रोग्रामर तपासतात. १०:३० ते ११:३० अशी मागणी त्यात पकडली जाते. पण कुणी ९ ते १२ मागितली, तर नऊ आणि बारा ही दोन्ही टोकं जुन्या मीटिंगच्या बाहेर! प्रोग्राम खुशाल होकार देतो.

त्यापेक्षा दोन मीटिंगा कधी भिडत नाहीत ते बघावं. नवी मीटिंग जुनी सुरू होईपर्यंत संपलेली असते, किंवा जुनी संपल्यावर सुरू होते. तिसरा मार्ग नाही. हे दोन्ही नसेल तर टक्कर ठरलेली. जेम्स अ‍ॅलन यांनी १९८३ साली दोन कालखंडांमधले १३ संबंध मांडले होते. टक्कर ओळखायला मात्र दोन तुलना पुरतात:

```
clash = newStart < oldEnd and oldStart < newEnd
```

९ ते १२ घालून पाहू. ९ हे ११ पेक्षा कमी, १० हे १२ पेक्षा कमी. दोन्ही खरं, म्हणून टक्कर. आता ११ ते १२. पहिल्याच तुलनेत ११ हे ११ पेक्षा कमी नाही, म्हणून रूम मोकळी. इथे `<` ऐवजी `<=` लिहिलं की लागून असलेल्या सगळ्या मीटिंगा भांडू लागतात.

म्हणजे सुरुवातीचा क्षण धरायचा, शेवटचा सोडायचा. कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचं प्रमाण, २००९ चं RFC 5545, हेच सांगतं. त्यामुळे १४ ते १६ ऑगस्टच्या सुट्टीच्या नोंदीत `DTEND` १७ ऑगस्ट असतो. ती चूक समजून कुणी १६ केली, तर सुट्टीचा शेवटचा दिवस गायब होतो.

तुलना मात्र एकाच घड्याळावर हवी. न्यूयॉर्कची दर आठवड्याची सकाळी १० ते १०:३० ची मीटिंग उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळी ७:३० ला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि तीच मीटिंग पुण्यात ८:३० ला येते. तोवर निवांत असलेली पुण्याची ८:३० ते ९ ची मीटिंग आता तिच्यावर आदळते. म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या मीटिंगांची वेळ प्रत्येक तारखेसाठी आधी यूटीसीमध्ये काढावी आणि मगच तुलना करावी.