विणलेल्या स्वेटरवर कात्री

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर, आणि त्यांच्या दक्षिणेला समुद्रात एकट्या पडलेल्या फेअर आयल या बेटावर, पुढून उघडणारा नक्षीदार स्वेटर आधी बंदच विणतात. खालच्या काठापासून खांद्यापर्यंत एक अखंड नळी तयार होते. मग जिथे बटणपट्टी यायची तिथे ती खालपासून वरपर्यंत कात्रीने कापली जाते, आणि बाह्यांसाठी मुंढेही तसेच कापून उघडतात. या कापण्यासाठी म्हणून जादा टाक्यांची एक उभी पट्टी आधीच विणून ठेवलेली असते. तिला ‘स्टीक’ म्हणतात. स्कॉट्स बोलीत या शब्दाचा अर्थ टाका घालणे, बंद करणे असा आहे. कपडा बेतताना शिंपी शिवणीत जशी माया ठेवतो, तशीच ही विणकामातली माया.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर त्या नक्षीत आहे. फेअर आयल पद्धतीत एका फेरीत दोन रंगांचे दोरे असतात. एक विणला जात असतो तेव्हा दुसरा मागून आडवा चालत असतो. स्वेटर सपाट विणला तर प्रत्येक परतीच्या ओळीला उलट बाजू समोर येते. नक्षी दिसत नाही, मोकळे दोरे पुढ्यात येतात, आणि सुलट व उलट ओळींचा ताण थोडा निराळा पडल्याने कापडावर पट्टे उमटतात. नळी विणताना मात्र सुलट बाजू कायम समोर राहते, सगळे टाके सुलट पडतात आणि चूक त्याच फेरीत दिसते. १९२२ साली त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्रूजच्या गोल्फ मैदानावर असा स्वेटर घातला आणि ही नक्षी फॅशनमध्ये आली. विणणारणींचा हात भराभर चालायला ही गोल विण सोयीची होती.

राहता राहिली कात्रीची भीती. सुईवरून एक टाका गळला की त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा असे टाके सुटत जातात आणि शिडी पडते, हे विणणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. पण ही शिडी नेहमी उभी उतरते. प्रत्येक टाका त्याच्या खालच्या टाक्यात अडकलेला असतो, शेजारच्यात नाही. शेजारच्या टाक्याशी त्याचं नातं एवढंच की दोघांतून एकच दोरा नागमोडी गेलेला असतो. म्हणून कापड आडवं कापलं तर हाहाकार होतो, कारण एका ओळीतले सगळे टाके एकदम मोकळे होतात. उभं कापलं तर प्रत्येक फेरीची फक्त आखूड टोकं कडेला उरतात. ती सुटायची तर प्रत्येक टोकाला शेजारच्या फाशातून वळणं घेत स्वतंत्रपणे आडवं बाहेर यावं लागेल. शेटलंडच्या मेंढीच्या खरखरीत लोकरीत ते सहजी होत नाही, कारण धाग्यावरचे बारीक तंतू आणि त्यांवरचे खवले एकमेकांना धरून ठेवतात. मजबुतीचं सगळं काम मग एवढंच उरतं, की ही आखूड टोकं जागची हलू नयेत.

हिशेब समजायला एक स्वेटर घेऊ. छाती ९० सेंटीमीटर, ढिलाई धरून स्वेटर सुमारे ९५ सेंटीमीटरचा हवा. बारीक शेटलंड लोकर आणि सव्वातीन मिलिमीटरची गोल सुई घेतल्यावर नमुन्यात १० सेंटीमीटरला ३० टाके आणि ३२ फेऱ्या आल्या. नक्षी १२ टाक्यांची आहे. ती २३ वेळा घेऊन एक टाका जास्त धरला की २७७ टाके होतात. हा जादाचा एक टाका विसरला तर पुढच्या दोन्ही बाजूंची नक्षी आरशातल्यासारखी जुळत नाही. २७७ टाक्यांचे साधारण ९२ सेंटीमीटर झाले, उरलेले ३ बटणपट्टीचे. आता स्टीकसाठी ९ टाके आणखी घालायचे, म्हणजे सुईवर एकूण २८६. हे ९ टाके स्वेटरच्या मापात कुठेच धरायचे नाहीत. ते शेवटी आत वळणार आहेत.

या ९ टाक्यांत दोन्ही कडांचा एकेक टाका पार्श्वभूमीच्या रंगात विणतात, कारण पुढे बटणपट्टीचे टाके त्याच्या लगत उचलायचे असतात. मधले सात टाके दोन्ही रंगांनी आलटून पालटून, प्रत्येक फेरीत त्याच जागी तोच रंग ठेवून विणले की उभ्या रेघा तयार होतात. याचे दोन फायदे आहेत. दोन्ही दोरे एक टाका सोडून एक असे विणले जात असल्याने कापल्यावर मागे लांब मोकळा दोरा राहत नाही, आणि बरोबर मधला, म्हणजे पाचवा टाका एकाच रंगाची रेघ होऊन कात्रीचा रस्ता दाखवतो. रंग बदलायचा तोही इथेच, पट्टीच्या मध्यावर. जुन्या-नव्या दोऱ्यांची टोकं कापताना आपोआप निघून जातात, सुईने आत ओवत बसावी लागत नाहीत. शेकडो टोकं ओवलेल्या माणसाला या एका सोयीसाठीही स्टीक आवडेल.

कापण्याआधी स्वेटर कोमट पाण्यात भिजवून, आकारात पसरून पूर्ण वाळवावा. त्याने टाके आपापल्या जागी बसतात आणि लोकर थोडी फुलून एकमेकींना धरते. मग मजबुती. ती कशी करायची हे धागा ठरवतो.

खरखरीत, मशीनमध्ये धुण्यासाठी प्रक्रिया न केलेली लोकर असेल तर क्रोशा उत्तम. पट्टीचे टाके उजवीकडून मोजले तर पाचवा टाका मधला. प्रत्येक सुलट टाका इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो, म्हणजे त्याला दोन पाय असतात. पाचव्याचा उजवा पाय आणि चौथ्याचा डावा पाय शेजारी शेजारी असतात. सुईपेक्षा थोडी बारीक, अडीच मिलिमीटरच्या आसपासची क्रोशाची सुई या दोन पायांखालून घालायची, दोरा ओढून घ्यायचा आणि सुईवरचे दोन्ही फासे एकदम बंद करायचे. मग वरच्या फेरीतले तेच दोन पाय. अशी खालच्या काठापासून वरपर्यंत एक रांग होते. दुसरी रांग वरून खाली यायची, पाचव्याचा डावा पाय आणि सहाव्याचा उजवा पाय धरून. स्वेटर ५६ सेंटीमीटर उंच असेल तर फेऱ्या सुमारे १८० भरतात, आणि प्रत्येक फेरीत एक टाका पडलाच पाहिजे. सुटलेली फेरी म्हणजे मोकळं टोक. दोरा बारीक आणि उठून दिसणाऱ्या रंगाचा घ्यावा. दोन्ही रांगा झाल्या की त्या एकमेकींपासून बाहेरच्या बाजूला कलतात आणि मधोमध पाचव्या टाक्याच्या आडव्या दांड्या उघड्या पडतात. कापायच्या त्या याच.

क्रोशाला मर्यादा आहेत. तो एकाच रांगेत सरळ चालतो, गळ्याच्या वळणावर उपयोगी नाही. शिवाय कापूस, रेशीम, अ‍ॅक्रिलिक आणि प्रक्रिया करून गुळगुळीत केलेली लोकर यांत टोकं क्रोशाच्या खालून निसटू शकतात. आपल्याकडे बाजारात स्वेटरचा धागा म्हणून बहुधा अ‍ॅक्रिलिकच मिळतो, तेव्हा इथल्या विणणारणींनी शिलाई मशीनच धरावं. नॉर्वेत तर लोकरीच्या स्वेटरलाही मशीनची टीप मारण्याची रीत आहे. मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना, दोन-अडीच मिलिमीटरच्या बारीक टाक्याने, प्रत्येकी दोन टिपा माराव्यात. खाली पातळ कागद ठेवला तर मागचे दोरे मशीनच्या दातांत अडकत नाहीत. कागद नंतर फाडून काढायचा. कापड ओढून धरायचं मात्र नाही. ताणून शिवलेली कड पुन्हा आखडत नाही, झालरीसारखी लाटा खात राहते आणि बटणपट्टी कधीच सरळ बसत नाही. टीप मारून झाल्यावर कड टेबलावर सपाट पडते का पाहावं. लाट दिसली तर कात्री उचलण्याआधीच टीप उसवून पुन्हा मारता येते. कापल्यावर ही सोय राहत नाही.

कापताना नळीच्या आत पुठ्ठा सरकवावा, म्हणजे चुकून पाठ कापली जाणार नाही. छोटी, टोकाला धार असलेली कात्री घेऊन एका वेळी दोन-तीन दांड्या, चांगल्या उजेडात. कात्री क्रोशाच्या दोऱ्याला लागली तर तेवढ्या भागावर सुई-दोऱ्याने हातटीप घालून घ्यावी. संपूर्ण कापून झालं की कड आडवी हलकेच ओढून पाहावी. टोकं जागच्या जागी राहिली तर काम नीट झालं आहे. एखाद्या ठिकाणी टोक लांब होऊन शेजारचा फासा पसरट दिसू लागला, तर तिथे मजबुती कमी पडली आहे, आणि आतल्या बाजूने एक रांग हातटीप घातल्यावरच पुढे जावं.

एवढ्याने काम संपत नाही, आणि बहुतेक घोटाळे इथेच थांबल्यामुळे होतात. बटणपट्टीचे टाके स्टीकचा शेवटचा टाका आणि नक्षीचा पहिला टाका यांच्यामधून उचलतात. पट्टी विणून झाली की आतली दीड सेंटीमीटरची कड आपोआप मागे वळते. मशीनची टीप असेल तर टिपेबाहेरचं कापड छाटून टाकावं. क्रोशा असेल तर काहीच छाटू नये, कारण क्रोशा हीच कड. मग ही वळलेली कड आतून, फक्त मागच्या मोकळ्या दोऱ्यांना धरून, फुलीच्या टाक्यांनी स्वेटरला शिवून टाकावी. शेटलंडच्या लोकरीत पुष्कळ विणणारणी क्रोशा-मशीन काहीच न वापरता, कापून आणि छाटून, थेट ही फुलीची शिवण घालतात. पुढच्या काही धुण्यांत ही कड स्वतःच नमद्यासारखी घट्ट होत जाते.

पहिला प्रयोग स्वेटरवर करू नये. त्याच धाग्याची, त्याच सुईवर, ४० टाक्यांची वीतभर नळी विणावी, त्यात ९ टाक्यांची स्टीक ठेवावी, मजबुती करून कापावी आणि कड दोन्ही हातांनी जोर लावून ओढावी. ती नळी टिकली तर स्वेटरही टिकेल.