कन्सोलला ओळखीचे स्टिअरिंग व्हील

स्टिअरिंग व्हीलची वायर कन्सोलच्या यूएसबी पोर्टमध्ये नीट बसली, म्हणजे ते चालेलच असे नाही. प्लेस्टेशन काय किंवा एक्सबॉक्स काय, जोडलेल्या उपकरणाची ओळख आधी तपासून घेतात. कन्सोल एक सांकेतिक प्रश्न पाठवतो आणि त्याचे बरोबर उत्तर परवानाधारक उपकरणातल्या सुरक्षा चिपलाच देता येते. उत्तर आले नाही, तर व्हीलला वीज मिळत राहते, पण खेळातली गाडी जागची हलत नाही. संगणक असले काही विचारत नाही. त्यामुळे विकणाऱ्याने लॅपटॉपवर व्हील चालवून दाखवले, तर मोटार शाबूत आहे एवढेच कळते. कन्सोलबद्दल काहीच कळत नाही. जुने व्हील घेताना फसगत होते ती बहुधा इथेच.

लॉजिटेकचे जी२९ आणि जी९२० हे जोडीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. दोन्ही ९०० अंशांत, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे फिरतात, दोन्हींना तीन पेडल असतात आणि वळणावर हाताला जाणवणारा जोर दोन्हींत मोटार व गिअरमधून येतो. तरीही जी२९ प्लेस्टेशन ३, ४ आणि ५ साठी आहे, तर जी९२० एक्सबॉक्स वन आणि सिरीज कन्सोलसाठी. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी सेटिंग नाही. दुरून सारखी दिसणारी ही व्हील बटणांवरून ओळखता येतात: त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन असतील तर प्लेस्टेशनचे, ए, बी, एक्स, वाय ही अक्षरे असतील तर एक्सबॉक्सचे. जी९२३ घेताना जास्त जपावे लागते, कारण त्या एकाच नावाने दोन वेगळ्या आवृत्त्या विकल्या जातात. तिथे नाव सोडून खोक्यावरचे कन्सोलचे चिन्हच वाचावे. फॅनाटेकच्या सुट्या भागांच्या व्हीलमध्ये आणखी एक गुंता आहे. प्लेस्टेशनची ओळख मोटारीच्या बेसमध्ये असते, तर एक्सबॉक्सची हातात धरायच्या चाकात. नुसता बेस पाहून निर्णय घेता येत नाही.

प्लेस्टेशन ५ वर ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ खेळण्यासाठी कोणी वापरलेले जी२९ घेत आहे असे धरू. व्हीलवर पीएस३ आणि पीएस४ अशी सरकती कळ असते. प्लेस्टेशन ५ साठी ती पीएस४ कडे हवी. चुकीच्या बाजूला राहिली, तर चांगले व्हीलही बिघडलेले वाटते. पेडलची वायर बेसमध्ये घट्ट बसवून मग अडॅप्टर जोडावा. अडॅप्टर हरवलेले व्हील स्वस्तात मिळते, पण यूएसबीच्या विजेवर त्याची मोटार चालत नाही. सगळे जोडले की व्हील आपोआप दोन्ही टोकांना फिरून मध्यावर येते. त्या वेळी चाकाला हात लावू नये. धरून ठेवले तर मध्यबिंदू चुकतो आणि गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते. त्यानंतर व्हीलवरचे पीएस बटण दाबून आपले खाते निवडायचे. मेनूत बटणे चालली की ओळख पटली. तरी परीक्षा खेळातच घ्यावी, कारण कन्सोलने स्वीकारलेले व्हील प्रत्येक खेळ स्वीकारतोच असे नाही. वळणावर जोर जाणवतो का आणि ब्रेक हळूहळू दाबला की पडद्यावरची पट्टी न उड्या मारता चढते का, हे पाहावे. पट्टी थरथरत असेल, तर पेडलमधला सेन्सर मळलेला किंवा झिजलेला असण्याची शक्यता मोठी.

मारामारीच्या खेळांसाठी लागणाऱ्या आर्केड स्टिकलाही हाच नियम लागू पडतो, थोड्या सवलतीने. प्लेस्टेशन ४ चे साधे कंट्रोलर प्लेस्टेशन ५ च्या खेळांत चालत नाहीत, मात्र परवानाधारक स्टिक आणि व्हील खेळाने मुभा दिली तर चालतात. ‘स्ट्रीट फायटर ६’ अशी मुभा देतो. एक्सबॉक्सने २०२३ च्या नोव्हेंबरपासून बिनपरवाना उपकरणे अडवायला सुरुवात केली. पडद्यावर `0x82d60002` हा क्रमांक आला, तर वायर बदलून काही होणार नाही. ती वस्तू दुकानात परत करणेच बरे.

प्लेस्टेशन ४ वर बिनपरवाना स्टिकचे लक्षण मात्र उशिरा दिसते. ती लगेच चालू होते, सगळी बटणे चालतात आणि साधारण आठ मिनिटांनी संपर्क तुटतो, कारण ओळखीचे उत्तर तोवर आलेले नसते. दुकानात पाच मिनिटे खेळून पाहणाऱ्याला हा दोष सापडणारच नाही. सलग पंधरा मिनिटे खेळून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.