ओळखीतून ओळख

पुण्यात बांधकामांवर राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांची पूर्ण यादी कुठेच नसते. मग पाहणीसाठी माणसं निवडायची कशी? संशोधक एका गवंड्याला गाठतो, तो दोघांकडे पाठवतो, ते आणखी चौघांकडे. हेच स्नोबॉल सॅम्पलिंग.

गोम अशी, की गवंडी आपल्याच गावचे, आपल्याच मुकादमाचे लोक सुचवतो. म्हणून सुरुवात वेगवेगळ्या नाक्यांवरून करावी आणि प्रत्येकाला तीनच कुपनं वाटायला द्यावीत. शिवाय ‘ओळखीचे मजूर किती?’ हेही विचारावं. ४० ओळखींचा माणूस साखळीत सहज सापडतो, १० ओळखींचा क्वचित. म्हणून हिशेबात दुसऱ्याच्या उत्तराला चौपट वजन. कुपनांची रीत डग्लस हेकथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडली.

तरीही ज्याला कुणीच ओळखत नाही, तो मजूर या साखळीबाहेरच राहतो.