कमी आकड्याचं खवट तेल

तेल-तंत्रज्ञानाच्या परीक्षेतला एक प्रश्न वरवर फार सोपा वाटतो. सूर्यफूल तेलाचे दोन नमुने आहेत. पहिल्याचं पेरॉक्साइड मूल्य ६, दुसऱ्याचं ४. जास्त खराब कोणतं? घाईतला विद्यार्थी पहिल्यावर खूण करून पुढे सरकतो आणि तिथेच फसतो.

मुळात खवटपणा एकाच वाटेने येत नाही. लोण्यात पाणी असतं, त्यामुळे लायपेज नावाचं विकर मेदाचे रेणू तोडतं आणि उग्र वासाचं ब्युटिरिक आम्ल मोकळं होतं. दमट खोबऱ्यावर बुरशी आली, तर ती मेदाम्लांपासून कीटोन तयार करते. हे दोन्ही प्रकार पेरॉक्साइडच्या चाचणीत दिसत नाहीत.

बाटलीतल्या तेलाला मात्र मुख्यतः हवाच बाधते. असंतृप्त मेदाम्लांना ऑक्सिजन चिकटतो, हायड्रोपेरॉक्साइड बनतात, आणि ही साखळी आपलीआपण वाढत जाते. ते मोजायची पद्धत जुनी आणि साधी आहे. ५ ग्रॅम तेल ॲसेटिक आम्ल व क्लोरोफॉर्मच्या मिश्रणात विरघळवून त्यात पोटॅशियम आयोडाइड घालतात. पेरॉक्साइड जितकं जास्त, तितकं आयोडीन सुटतं. मग पाणी आणि स्टार्च घालून, निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट सोडायचं. समजा ०.०१ नॉर्मल थायोसल्फेट नमुन्याला ३.२ मिली लागलं आणि तेलाशिवाय केलेल्या कोऱ्या चाचणीला ०.२ मिली. फरक ३ मिली; ३ × ०.०१ × १००० ÷ ५ = ६, म्हणजे किलोमागे ६ मिलिइक्विव्हॅलंट. रिफाइंड तेलासाठी कोडेक्सची मर्यादा १० आहे, तेव्हा हा नमुना पास.

आता दुसरा नमुना. हायड्रोपेरॉक्साइडला स्वतःला जवळजवळ वास नसतो. ते फुटून हेक्झानलसारखी अल्डिहाइडं तयार होतात आणि खवट वास येतो तो त्यांचा. म्हणूनच हे मूल्य आधी चढतं आणि नंतर उतरतं. ४ हा आकडा चढणीवरचा की उतरणीवरचा, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी अल्डिहाइडं मोजणारं ॲनिसिडिन मूल्य लागतं. पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडिन, याला टोटॉक्स म्हणतात. पहिल्या नमुन्याचं ॲनिसिडिन ३ असेल तर टोटॉक्स १५; दुसऱ्याचं ३० असेल तर ३८. चार आकड्याचं तेलच जास्त बिघडलेलं निघालं!

पुढचा उपप्रश्न हमखास अँटिऑक्सिडंटचा. टीबीएचक्यू किंवा टोकोफेरॉल आपला हायड्रोजन देऊन साखळी तोडतात. सायट्रिक आम्ल ऑक्सिडीकरणाला चिथावणाऱ्या तांबे-लोखंडाच्या अंशांना जखडून ठेवतं, म्हणून दोघांची जोडी चांगली जमते. टीबीएचक्यूची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम. मात्र ते ताज्या तेलातच घालायला हवं. एकदा तयार झालेली अल्डिहाइडं त्याने परत फिरत नाहीत, आणि लोण्यातल्या लायपेजला तर त्याचा धाकच नाही.